बचत रोखे मध्येच का मोडता येत नाहीत

फोंड्याच्या आत्याने १५ ऑक्टोबर २०२० रोजी बँकेतून सरकारचे दोन लाखांचे बचत रोखे घेतले. तेव्हा तिला चौसष्ट संपलेली. आता घराचं छप्पर बदलायचंय आणि ती विचारते, "मोडून टाकू का रे?" उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

२००३ साली ८ टक्क्यांचे बचत रोखे आले. मुदत सहा वर्षं. व्याज सहामाही घ्या, नाहीतर साठवत जा. साठवलं तर हजाराचे १६०१ होत. जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला ते बंद झाले आणि आठवड्याभरात ७.७५ टक्क्यांचे, सात वर्षांचे रोखे आले. त्यांचं व्याज फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १ तारखेला येई, म्हणजे चवथीच्या बाजाराला बरोबर वेळेवर. मे २०२० मध्ये बाजारातले व्याजदर घसरले असताना सरकारने तेही बंद केले.

१ जुलै २०२० पासून आलेले रोखे वेगळे. दर ठरलेला नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त, आणि दर सहा महिन्यांनी फेरआढावा. पहिला दर ७.१५ होता, जुलै २०२३ मध्ये तो ८.०५ झाला. व्याज साठवायची सोय काढून टाकली, ते १ जानेवारी आणि १ जुलैला बचत खात्यात पडतं. त्यावर कर लागतो.

हातात कागदी रोखा मिळत नाही. बँक रोखे खातं उघडते आणि धारणेचं प्रमाणपत्र देते. हे रोखे शेअरसारखे बाजारात विकता येत नाहीत आणि त्यांच्यावर कर्जही मिळत नाही. मुदतीआधी पैसे परत मागायचे ते सरकारकडेच, आणि तेही फक्त साठी ओलांडलेल्यांनी. साठ ते सत्तर वयाला सहा वर्षं थांबावं लागतं, सत्तर ते ऐंशीला पाच, त्यापुढे चार. रोखे दोघांच्या नावावर असतील तर एकाचं वय बसलं तरी चालतं. माझ्या मते खरेदीच्या अर्जाआधी विचारायची गोष्ट हीच, पण सगळे विचारतात ते व्याजाचा दर.

आत्याची सहा वर्षं १५ ऑक्टोबर २०२६ ला भरतात. पण पैसे त्या दिवशी नाहीत, पुढच्या व्याजाच्या तारखेला, म्हणजे १ जानेवारी २०२७ ला. शिवाय शेवटच्या सहा महिन्यांचं अर्धं व्याज कापतात. दर ८.०५ धरला तर दोन लाखांवर सहामाही व्याज ८०५० रुपये, त्यातले ४०२५ जातील. मुद्दलाला हात लागत नाही. जन्मतारखेचा पुरावा मात्र बँकेत द्यावा लागेल.

"म्हणजे यंदाचा पाऊस गळक्या छपराखालीच," आत्या म्हणाली, आणि कौलं शाकारणाऱ्याचा नंबर शोधायला लागली.