कागदाला हवा लागते तेव्हा

‘प्रिंटर उन्हात, धुळीत किंवा दमट जागी ठेवू नये’ ही ओळ प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते आणि बहुतेक जण ती न वाचताच पान उलटतात. तिच्यातल्या दमटपणाच्या भागाला मात्र मोठा इतिहास आहे, आणि तो प्रिंटरपेक्षा कागदाचा जास्त आहे.

गंमत म्हणजे छपाईची पहिली काही शतकं कागद मुद्दाम भिजवूनच वापरला जात होता. चिंध्यांपासून हातानं बनवलेला, सरस लावलेला तो कागद टणक आणि खडबडीत असे. कोरडा दाबला तर धातूच्या अक्षरांच्या खिळ्यांवरची शाई त्यावर नीट बसत नसे. म्हणून छापखान्यात आदल्या दिवशी कागद पाण्यातून काढत, मध्ये कोरडे ताव घालून चळत रचत आणि वजनाखाली रात्रभर ठेवत. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी मुरलेली असे. मात्र एक पथ्य होतं. पहिली बाजू छापल्यावर ताव वाळायच्या आत दुसरी बाजू छापायची. मध्येच वाळला तर तो आकसे आणि दोन्ही बाजूंचे मजकूर एकमेकांवर बसत नसत. ओलीनं कागदाचं माप बदलतं, हे छापणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

याचं कारण कागदाच्या धाग्यात आहे. सेल्युलोजचा तंतू हवेतली वाफ शोषतो तेव्हा लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. यंत्रावर कागद बनताना बहुतेक तंतू एकाच दिशेनं आडवे होतात. त्यामुळे सादळलेला ताव त्या दिशेला जेमतेम वाढतो आणि तिला काटकोनात त्याच्या कितीतरी पट वाढतो. वाढ एकसारखी नसते, हीच खरी अडचण.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा गुळगुळीत कागद आला आणि कागद कोरडाच छापला जाऊ लागला. ओलीचा प्रश्न संपला असं वाटत असतानाच रंगीत शिळाछाप छपाई वाढली. तिथे एकच ताव प्रत्येक रंगासाठी वेगळा, कधी वेगळ्या दिवशी, यंत्रातून जायचा. सोमवारी पिवळा छापला, मंगळवारी पाऊस आला, बुधवारी लाल छापला. समजा ताव ७०० मिलिमीटर रुंद आहे आणि हवेच्या बदलानं तो फक्त ०.१ टक्का वाढला. ही वाढ ०.७ मिलिमीटर झाली. बारीक ठिपक्यांच्या छपाईत ठिपक्यांच्या दोन ओळींतलं अंतर साधारण ०.१७ मिलिमीटर असतं, म्हणजे लाल रंग चार ओळी सरकून बसला. चित्रातल्या माणसाचे ओठ हनुवटीकडे सरकलेले दिसायचे आणि गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत जायचा.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्याला नेमका हाच त्रास होत होता. तो सोडवण्याचं काम बफलो फोर्ज कंपनीतल्या विलिस कॅरियर या २५ वर्षांच्या अभियंत्याकडे आलं. त्याचे आराखडे जुलै १९०२ चे आहेत. थंड नळ्यांवरून हवा न्यायची, तिच्यातलं जादा पाणी तिथेच गळू द्यायचं आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर धरून ठेवायची, अशी ही योजना होती. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात इथून मानतात. माणसांना गारवा मिळाला तो ओघानं. यंत्रणा उभी राहिली होती कागदासाठी. घरातल्या एसीचा हा पूर्वज मला नेहमीच गमतीदार वाटत आला आहे.

पुढचा टप्पा मात्र मापाचा नव्हता, विजेचा होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसननं न्यूयॉर्कमधल्याच अ‍ॅस्टोरिया भागात स्थिर विद्युतभाराच्या साहाय्यानं पहिली कोरडी प्रत काढली. त्याच तत्त्वावर १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं आणि नंतर लेझर प्रिंटर. यांत टोनरची भुकटी ड्रमवरून कागदावर ओढली जाते ती कागदामागे दिलेल्या विद्युतभारामुळे. कोरडा कागद हा भार धरून ठेवतो. सादळलेला कागद थोडा वाहक होतो, भार इकडेतिकडे निसटतो आणि भुकटी पूर्ण उतरत नाही. भरीव काळ्या भागात फिकट डाग दिसतात ते यामुळे. ताव पुढे जवळजवळ २०० अंश सेल्सिअसच्या तापलेल्या रोलरखाली जातो. तिथे आतलं पाणी वाफ होऊन एकदम सुटतं आणि ताव वळतो. ट्रेपाशी कधी धुरासारखं दिसतं ती बहुधा हीच वाफ असते.

पाणी किती असतं, याचा अंदाज करून पाहू. चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या ए४ कागदाची ५०० तावांची रीम सुमारे अडीच किलो भरते. त्यात ५ टक्के ओल धरली तर १२५ ग्रॅम पाणी झालं. दमट हवेत उघडी राहून ओल ८ टक्क्यांवर गेली तर रीममध्ये आणखी ८० ग्रॅम पाणी शिरतं. तेही सारखं शिरत नाही. कडा हवेला उघड्या, म्हणून त्या आधी फुगतात. मधला भाग तसाच राहतो. कडा लाटेसारख्या झालेला गठ्ठा दिसला की निदान झालं. असे ताव दोन-दोन ओढले जातात किंवा चुरगळून अडकतात, आणि दोष प्रिंटरच्या माथी येतो. टोनर बदलण्याआधी नवीन रीम फोडून तेच पान छापून पाहावं. ते स्वच्छ आलं तर यंत्र ठीक आहे. इंकजेटवरही अशीच खूण मिळते: सादळलेल्या तावावर शाई उशिरा वाळते आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

जागेचा प्रश्न इथेच येतो. एकाच खोलीत सगळीकडे हवा सारखी दमट नसते. खोलीत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा बाहेरच्या गार भिंतीपाशी २४ अंशांवर आली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. भिंतीला टेकवलेल्या कपाटातल्या खालच्या फळीवरचा कागद म्हणूनच सर्वांत आधी सादळतो. जमिनीवर ठेवलेल्या रीमचं तसंच. एसीचा झोत थेट प्रिंटरवर येणंही बरं नाही. थंड पडलेल्या यंत्राला बाहेरची उष्ण, दमट हवा लागली की आतल्या भागांवर दव धरतं. गार जागेतून आणलेला प्रिंटर म्हणून काही तास तसाच ठेवून मगच चालू करतात. गार कोठारातून आणलेली रीमही वेष्टनातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. ते वेष्टन आतून ओल अडवणारं असतं, त्यामुळे उरलेला कागद पुन्हा त्यातच गुंडाळून ठेवणं सोपं.

उन्हाचा नियम वेगळ्या कारणासाठी आहे. टोनरची भुकटी लवकर वितळावी अशीच बनवलेली असते, त्यामुळे ५० अंशांच्या पुढे ती आपोआप मऊ होऊन गोळे धरू शकते. खिडकीतल्या काचेमागे किंवा बंद गाडीत टोनरचं काडतूस ठेवू नये ते याचसाठी. धूळ लेझरच्या आरशांवर बसली की पानावर उभे फिकट पट्टे येतात. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर मात्र बाहेरच्या धुळीपेक्षा कागदाची स्वतःची भुकटी जास्त साचते. रोलर गुळगुळीत झाला की तो कागदावरून नुसता घसरतो.

उलट टोकही आहे. हवा फार कोरडी झाली तर ताव स्थिर विजेनं एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन एकदम आत जातात. प्रिंटरसाठी साधारण ३० ते ७० टक्क्यांची मर्यादा सांगतात ती दोन्ही बाजू धरून. ती खोलीत साधत नसेल तर काही मोठ्या कॉपियर यंत्रांत कागदाच्या ट्रेखाली एक छोटा हीटर बसवता येतो. मुख्य बटण बंद असलं तरी तो चालू राहावा अशी काही यंत्रांत सोय असते, कारण कागद सादळतो तो रात्री, यंत्र आणि खोली गार पडल्यावर.