ग्रेडियंट तपासणीतल्या 1e-4 आणि 1e-6 या आकड्यांची पार्श्वभूमी

बॅकप्रॉपचा कोड हाताने लिहिला की तो बरोबर आहे का, हे पाहण्याची रीत ठरलेली आहे. एखादा पॅरामीटर `h` इतका वर ढकलायचा, लॉस मोजायचा. मग तितकाच खाली ढकलून पुन्हा मोजायचा. दोन लॉसमधल्या फरकाला `2h` ने भागायचं आणि आलेला आकडा बॅकप्रॉपने दिलेल्या ग्रेडियंटशी ताडून बघायचा. प्रश्न उरतो तो `h` किती घ्यायचा आणि किती फरक चालवून घ्यायचा, एवढाच. बहुतेक जण हे दोन आकडे कुठून तरी उचलतात, पण ते ज्या आकडेमोडीसाठी ठरले होते ती सोबत आणत नाहीत.

बॅकप्रॉपचा उगम राउंडिंगच्या चुकांमध्येच आहे. सेप्पो लिन्नाइनमा यांनी १९७० साली हेलसिंकी विद्यापीठातल्या मास्टर्सच्या प्रबंधात आज ज्याला रिव्हर्स मोड म्हणतात ती पद्धत मांडली. त्यांच्यापुढे न्यूरल नेटवर्क नव्हतंच. लांबलचक गणितात प्रत्येक पायरीवर होणाऱ्या बारीक राउंडिंगचा शेवटच्या उत्तरावर एकूण किती परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. तीच पद्धत नेटवर्क शिकवायला वापरली जाऊ लागली, आणि रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६च्या ‘नेचर’मधल्या लेखानंतर ती सर्वतोमुखी झाली. गंमत अशी की, आज या पद्धतीचा कोड तपासायला बसलं की आडवं येतं ते राउंडिंगच.

कसं, ते एका सोप्या फलनावर पाहू. `f(x) = x³`, आणि `x = 1`. खरा डेरिव्हेटिव्ह ३. कागदावर दोन्ही बाजूंनी घेतलेला फरक बरोबर `3 + h²` येतो, म्हणजे `h` जितका लहान तितकं उत्तर चांगलं. आता हेच ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये चालवा:

```python
import numpy as np
def f(x): return x*x*x
x = np.float32(1.0)
for h in (1e-2, 1e-7, 1e-8):
    h = np.float32(h)
    print(h, (f(x+h) - f(x-h)) / (2*h))
```

`1e-2` ला उत्तर 3.0001च्या आसपास येतं. `1e-7` ला 3.576 येतं, आणि `1e-8` ला चक्क शून्य. ३२ बिटांत १ च्या लगेच वरची संख्या सुमारे `1.19e-7` इतकी लांब असते. त्यामुळे `1e-8` मिळवलेला १ हा १ च राहतो, आणि फरक शून्य होतो. `1e-7` ची गोष्ट जास्त फसवी आहे. आपण `1e-7` मागितलं, पण यंत्राने दोन्ही बाजूंना `1.19e-7` ची उडी मारली, आणि आपण भागलं मात्र मागितलेल्या उडीने. खरोखर पडलेल्या अंतराने, म्हणजे `(x+h)-(x-h)` ने भागलं असतं, तर इथे उत्तर नेमकं ३ आलं असतं.

म्हणजे ओढाताण दोन चुकांची आहे. `h` मोठा घेतला तर वक्र वळतो आणि `h²` च्या प्रमाणात चूक वाढते. लहान घेतला तर दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत अर्थाचे अंक उडून जातात, आणि ती चूक `1/h` ने वाढते. फलनाची किंमत आणि वक्रता साधारण १ च्या पातळीवर असेल, तर दोन्हींचा समतोल यंत्राच्या अचूकतेच्या घनमुळापाशी येतो. ६४ बिटांत (अचूकता `2.2e-16`) तो `6e-6`, तर ३२ बिटांत `5e-3` च्या आसपास. एकाच बाजूने फरक घेतला तर घनमुळाऐवजी वर्गमूळ. SciPy च्या `check_grad` मध्ये `h` ची मूळ किंमत `1.49e-8` आहे, ती त्यामुळेच. ती उचलून दोन्ही बाजूंच्या सूत्रात घातली तर काही फायदा नाही, उलट गोंगाट वाढतो.

आता प्रचलित आकड्यांकडे पाहू. अँड्र्यू एन्‌जी यांच्या २०११च्या ऑनलाइन अभ्यासक्रमात `1e-4` ही पायरी होती आणि सापेक्ष फरक `1e-9` पेक्षा कमी यावा अशी अपेक्षा होती. त्याचा कोड ऑक्टेव्ह या भाषेत लिहायचा असे, ऑक्टेव्हमध्ये आकडे ६४ बिटांचेच असतात, आणि तपासणीचं नेटवर्क ३-५-३ असं चिमुकलं होतं. त्यात पॅरामीटर ३८, म्हणजे लॉस ७६ वेळा मोजायचा. एवढ्यात ती अपेक्षा रास्त होती. पुढे जीपीयूमुळे ३२ बिट नेहमीचे झाले, पण आकडे जुनेच राहिले. PyTorch मधल्या `gradcheck` ची पायरी `1e-6` आहे आणि ती ६४ बिट गृहीत धरते. ३२ बिटांचा टेन्सर दिला तर ते तशी सूचना देतं. ती सूचना दाबून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग ‘चेक फेल होतोय’ म्हणून बरोबर असलेला कोड दोन दिवस उकरतानाही पाहिले आहेत.

सहनमर्यादेचं गणितही यातूनच निघतं. लॉस २.३ असेल आणि `h` `1e-5`, तर ६४ बिटांत राउंडिंगचा गोंगाट साधारण `5e-11`. ग्रेडियंट 0.01 असेल तर तो नगण्य. पण ज्या पॅरामीटरचा ग्रेडियंटच `1e-8` आहे, तिथे सापेक्ष फरक `5e-3` दिसेल, कोडमध्ये काहीही चूक नसताना. म्हणून `gradcheck` दोन मर्यादा बेरजेने लावतं: `atol + rtol*|n|`, इथे `n` म्हणजे फरकाने काढलेला ग्रेडियंट, आणि `atol`, `rtol` च्या मूळ किमती `1e-5` आणि `1e-3`.

पण ही सवलत चुकीच्या कोडलाही मिळते. समजा वेट डिके `1e-4` आहे, एक वजन 0.1 आहे, आणि बॅकप्रॉपमध्ये डिकेचा भाग लिहायचा राहून गेला. गहाळ झालेला आकडा `1e-4 × 0.1`, म्हणजे `1e-5`. ग्रेडियंट 0.01 असेल तर मर्यादा `1e-5 + 1e-5`, म्हणजे `2e-5`. चूक बिनबोभाट पास. उपाय म्हणजे तपासताना डिके तात्पुरता 0.1 करावा, किंवा डेटाचा लॉस बंद करून फक्त डिके तपासावा.

रेलू असलेल्या नेटवर्कमध्ये आणखी एक भानगड असते. रेलूला जाणारी किंमत `3e-6` असेल आणि `h` `1e-5`, तर एक टोक शून्याच्या पलीकडे जातं. फरकाने उत्तर 0.65 येतं, खरं मात्र १. इथे `h` `1e-6` केला की १ मिळतं.

त्यामुळे आकडा जुळला नाही की मी मर्यादा सैल करत नाही, आधी `h` निम्मा करून पाहतो. फरक चौथ्या हिश्श्यावर आला तर पायरी मोठी होती. साधारण दुप्पट झाला, किंवा नुसता इकडेतिकडे उड्या मारू लागला, तर राउंडिंग. एकदम गायब झाला तर बहुधा रेलूचा कोपरा. आणि जागचा हललाच नाही, तर बॅकप्रॉपचा कोड उघडायचा. तिथे बहुतेक वेळा बॅचच्या संख्येने भागायचं राहिलेलं असतं किंवा एखादा २ सुटलेला असतो.