९३१.५ आला कुठून, आणि उत्तर चुकतं कुठे

बारावीला अणुकेंद्राचा धडा आला की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, ९३१ घ्यायचे की ९३१.५?" कोणी क्लासच्या नोट्स पुढे करतो, तर कोणी मोठ्या भावाचं जुनं पुस्तक घेऊन येतो. त्यात ९३१.२ छापलेलं असतं, आणि मग वाद आणखी रंगतो. एक एएमयू, म्हणजे अणुवस्तुमानाचं एक एकक, ऊर्जेत बदललं तर किती एमईव्ही, म्हणजे किती दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, मिळतात, तो हा आकडा. या आकड्यांमागे खरा इतिहास आहे आणि तो सांगण्यासारखाही आहे. पण उत्तर चुकायला बहुतेक वेळा हा आकडा जबाबदार नसतो. चूक त्याच्या आधीच्या ओळीत, वस्तुमानांच्या वजाबाकीत, झालेली असते.

आधी आकड्याचं बघू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सिजन म्हणजे १६ असं धरून सगळ्या अणूंची वस्तुमानं मोजत. १९२९ मध्ये जिओक आणि जॉन्स्टन यांना हवेतल्या ऑक्सिजनमध्ये १७ आणि १८ वस्तुमानांकाचे समस्थानिकही थोड्या प्रमाणात सापडले, आणि पंचाईत झाली. रसायनवाल्यांचा १६ म्हणजे बाटलीतला, तिन्हींचं मिश्रण असलेला ऑक्सिजन. भौतिकीवाल्यांचा १६ म्हणजे निव्वळ ऑक्सिजन-१६. दोन मापांत दहा हजारात पावणेतीन भागांचा फरक होता, आणि दोघंही त्याला एएमयूच म्हणत. एकच नाव आणि दोन एककं, असा हा संसार सुमारे ३० वर्षं चालला.

तोडगा कार्बनने काढला. १९५७ मध्ये ओलांडर आणि नीर यांनी कार्बन-१२ बरोबर १२ हे माप सुचवलं. ते घेतलं तर रसायनवाल्यांचे जुने अणुभार लाखात चार-पाच भागांनीच हलत होते, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. भौतिकीवाल्यांना एकच निखळ समस्थानिक हवा होता, तोही मिळाला. शिवाय मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुलनेसाठी कार्बनची संयुगं सोयीची पडतात. १९६० मध्ये भौतिकीच्या आणि १९६१ मध्ये रसायनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हे माप मान्य केलं. तेव्हापासून एककाची खूण नुसता u, आपण म्हणतो 'यू'.

आता दादाच्या पुस्तकातले ९३१.२ समजतात. जुन्या भौतिकी मापावरचा एक एएमयू आजच्या यूपेक्षा किंचित लहान होता, आणि त्याची ऊर्जा सुमारे ९३१.२ एमईव्ही भरते. आजच्या यूची ऊर्जा ९३१.४९४ एमईव्ही. एका दशांशापर्यंत लिहिली की ९३१.५ होते, पूर्णांकात लिहिली की ९३१. म्हणजे ९३१ आणि ९३१.५ ही एकाच आकड्याची दोन रूपं आहेत, आणि प्रश्नपत्रिकेत जे दिलं असेल ते निमूटपणे घ्यावं. ९३१.२ मात्र वेगळ्या मापाचं आहे. ते वापरायचं तर वस्तुमानंही त्याच जुन्या पुस्तकातली हवीत. हायड्रोजनचं १.००८१४ जुन्यातून आणि हेलियमचं ४.००२६० नव्यातून उचललं, तर उत्तर कुठेच जुळणार नाही.

आता वजाबाकी. यासाठी १९३२ चं केंब्रिज बघावं लागेल. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर वेगवान प्रोटॉन सोडले. लिथियम-७ चं केंद्रक फुटून हेलियमची दोन केंद्रकं निघाली, प्रत्येकाची ऊर्जा सुमारे ८.६ एमईव्ही, म्हणजे दोन्ही मिळून १७.२. ही ऊर्जा वस्तुमानातून आली असेल, तर E = mc² ने हिशेब लागला पाहिजे. तो त्यांनी शोधनिबंधातच मांडला. लिथियम ७.०१०४, प्रोटॉन १.००७२, दोन हेलियम मिळून ८.००२२. पहिल्या दोहोंची बेरीज ८.०१७६, त्यातून ८.००२२ वजा केले की उरतात ०.०१५४, ही वस्तुमानातली तूट. म्हणजे १४.३ एमईव्ही.

मोजलेले १७.२ आणि हिशेबाचे १४.३. आपल्या वर्गात असं आलं असतं तर पोराने खोडून पुन्हा सुरुवात केली असती. पण त्यांनी सोबत त्रुटीही लिहिली होती. लिथियमच्या वस्तुमानात ±०.००३ ची शंका होती. सातात तीन सहस्रांश म्हणजे काहीच नाही, ०.०४ टक्के. पण वजाबाकीनंतर उरतात फक्त ०.०१५४, आणि तेच ०.००३ तिथे जवळजवळ वीस टक्के होतात. म्हणून १४.३ ± २.७. वरचं टोक १७.० आणि मोजलेले १७.२. जेमतेम, पण जुळलं, असं म्हणायला ते मोकळे झाले.

आज आपल्याला कळतं की त्या हिशेबात एकटा लिथियमच चुकलेला नव्हता. हेलियमचं वस्तुमान अॅस्टनच्या मोजणीतून आलेलं होतं, आणि ते प्रत्येकी सुमारे ०.००१७ ने कमी होतं, दोन अणूंचं मिळून ०.००३४. लिथियमचं ०.००६२ ने कमी, हायड्रोजनचं ०.०००४ ने. डावीकडच्या चुका आणि उजवीकडची चूक एकमेकींतून वजा केल्या की तूट ०.००३२ ने वाढते: ०.०१५४ ची ०.०१८६. हेलियमची चूक १९३५ मध्ये उघडी पडली आणि तीही उलट्या बाजूने. अणुकेंद्रीय अभिक्रियांच्या मोजलेल्या ऊर्जा एकमेकींशी जुळवताना बेथे आणि ऑलिफंट यांच्या लक्षात आलं की वस्तुमानांचा तक्ताच चुकीचा आहे.

तोच प्रश्न आजच्या आकड्यांनी सोडवू. लिथियम-७ चा अणू ७.०१६००३, हायड्रोजन-१ चा १.००७८२५, हेलियम-४ चा ४.००२६०३. बेरीज ८.०२३८२८. दोन हेलियम ८.००५२०६. तूट ०.०१८६२२ यू. गुणिले ९३१.५, उत्तर १७.३५ एमईव्ही. ९३१ घेतले असते तर १७.३४ आलं असतं. वर्गात ज्यावरून हमरीतुमरी होते तो फरक हा एवढाच.

आता विद्यार्थी खरोखर काय करतो ते बघू. सहा दशांश बघून त्याला कंटाळा येतो. "तीन पुरे" म्हणत तो लिहितो ७.०१६ अधिक १.००८, वजा ८.००६. तूट ०.०१८, उत्तर १६.८. अर्ध्याहून जास्त एमईव्ही गायब, म्हणजे तीन टक्के. वस्तुमान चार सार्थ अंकांत लिहिलं असलं, तरी तुटीत दोनच अंक उरले आहेत. वजाबाकी आधी दिलेल्या सगळ्या दशांशांनी करायची, पूर्णांकन करायचंच तर शेवटच्या उत्तराचं.

आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल आहे, आणि तिथे आणखी एक सापळा आहे. लॉगने वजाबाकी होत नाही, ती हातानेच करावी लागते. तिथवर ठीक. पुढे ०.०१८६२ चा लॉग बार २.२७००. ९३१.५ चा २.९६९२. बेरीज करताना बार फक्त दोनवर आहे, .२७०० धन आहे. म्हणून दोन आणि बार दोन कटतात, .२७०० आणि .९६९२ मिळून १.२३९२ होतात, अँटिलॉग १७.३५. पण एका पेपरात मी हे असं बघितलं आहे: बार २.२७०० म्हणजे पूर्णच उणे २.२७००. मग २.९६९२ मधून २.२७०० गेले, उरले ०.६९९२, अँटिलॉग ५.००. "५ एमईव्ही" अगदी सुबक दिसतं, म्हणून ते खोडायचंही सुचत नाही.

यावर एक साधी पडताळणी आहे आणि ती मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवतो. एक हजारांश यू म्हणजे जवळपास एक एमईव्ही, नेमकं सांगायचं तर सात टक्के कमी. ०.०१८६ म्हणजे १८.६ हजारांश. त्यातून सात टक्के, म्हणजे १.३ काढा, १७.३ आले. पाचाच्या आसपास काही आलं तर चूक लॉगमध्ये आहे हे पेन खाली ठेवायच्या आत कळतं.

काहीजण ९३१.५ वर विश्वास न ठेवता तो स्वतः काढायला जातात. वृत्ती चांगली, पण १.६६ × १०⁻²⁷ किलोग्रॅम, c साठी ३ × १०⁸ आणि एका इलेक्ट्रॉन-व्होल्टला १.६ × १०⁻¹⁹ जूल घेतले तर येतं ९३३.७५. यात चूक अशी काहीच नाही, फक्त तिन्ही आकडे आधीच गोल केलेले आहेत. त्यांच्या बरोबरीने एखादा ९३१.५ ने गुणून झाल्यावर पुन्हा c² नेही गुणतो. ९३१.५ मध्ये c² आधीच शिरलेला असतो. असं उत्तर दहाच्या अठराव्या घातात जातं, त्यामुळे ते निदान डोळ्यांत तरी खुपतं.

शेवटचा सापळा इलेक्ट्रॉनांचा. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी सगळी वस्तुमानं केंद्रकांची घेतली होती, आपण सगळी अणूंची घेतली. दोन्ही चालतं. लिथियमचे तीन आणि हायड्रोजनचा एक, असे डावीकडे चार इलेक्ट्रॉन, उजवीकडे दोन हेलियमचे चार. कटले. पण प्रश्नात "प्रोटॉन" दिसला म्हणून कुणी १.००७२७६ घेतलं आणि बाकी अणूंची वस्तुमानं तशीच ठेवली, तर एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. उत्तर ०.५११ एमईव्हीने घसरून १६.८३ येतं, आणि गंमत म्हणजे ते तीन दशांशांच्या चुकीइतकंच दिसतं. तपासणाऱ्यालाही नेमकी कोणती चूक झाली हे रफ काम बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पॉझिट्रॉन बाहेर पडतो तेव्हा तर इलेक्ट्रॉन आपोआप कटतच नाहीत. कार्बन-११ चा अणू ११.०११४३४, त्यातून बनणारा बोरॉन-११ चा ११.००९३०५. वजाबाकी ०.००२१२९ यू, म्हणजे १.९८ एमईव्ही. इथे थांबलं तर चुकलं. कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन धरले आहेत, बोरॉनच्या पाच. तो एक जास्तीचा इलेक्ट्रॉन आणि बाहेर पडलेला पॉझिट्रॉन, दोघांचं वस्तुमान मिळून १.०२२ एमईव्ही वजा करावं लागतं. उरतात ०.९६, आणि मोजणीत त्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जाही तेवढीच मिळते.