खालच्या स्लॉटात बसवलेलं कार्ड

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं जुन्या काँप्युटरसाठी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबीचं. गेम सुरू व्हायचा, पण कोपऱ्यावर वळलं की चित्र अडखळायचं. "मामा, कार्ड गंडलंय," असं त्यानं जाहीर करून टाकलं. डबा उघडून पाहिलं तर बसवून देणाऱ्यानं कार्ड खालच्या लांब स्लॉटात खोचलं होतं, वरचा स्लॉट कूलरच्या फार जवळ आहे म्हणून.

लांबीवर जाऊ नका. ग्राफिक्स कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. आत किती लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, जोडल्या आहेत आणि त्या कोणत्या पिढीच्या आहेत. दुसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण अर्धा जीबी नेते, तिसरीची एक, चौथीची दोन. भाच्याचा मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा. त्याचा वरचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, १६ लेनचा. खालचा दिसायला तेवढाच, पण आत दुसऱ्या पिढीच्या चारच लेन, म्हणजे सेकंदाला २ जीबी. त्याही थेट प्रोसेसरकडे जात नाहीत, चिपसेटमार्गे जातात.

मग कार्ड वर हलवलं की प्रश्न मिटायला हवा होता. अर्धाच मिटला. कारण या कार्डाचा कनेक्टर लांब असला तरी कार्डावर लेन चारच आहेत, चौथ्या पिढीच्या. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटात त्या जवळपास ४ जीबीवर येतात. उरलेल्या बारा लेन नुसत्या बसून राहतात.

पण सेकंदाला ४ जीबी म्हणजे कमी का? याचं उत्तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात चटकन समजतं. यंत्रमागाशेजारी सुताचा साठा असेल तर गोदामाचा रस्ता कितीही खराब असो, माग थांबत नाही. साठा संपला आणि प्रत्येक कांडी गोदामातून आणायची वेळ आली, की रस्त्याचा प्रत्येक खड्डा कापडाच्या उत्पादनात दिसतो. कार्डावरची मेमरी हा शेजारचा साठा, काँप्युटरची रॅम हे गोदाम आणि पीसीआय एक्सप्रेस हा मधला रस्ता.

आता हिशोब करू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. समजा, गेमला ४ जीबीपेक्षा जास्त जागा लागली, काही टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, रॅममध्ये ठेवावे लागले आणि एका फ्रेमला त्यातला २०० एमबी माल लागला. तो कार्डावरच असता तर सेकंदाला १४४ जीबीच्या वेगानं दीड मिलिसेकंदाच्या आत वाचून झाला असता. वरच्या स्लॉटातून तो यायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात आणि खालच्यातून १००. म्हणजे त्या क्षणी सेकंदाला दहाच फ्रेम, तेही बाकीचं काम फुकटात होतं असं धरून. हाच माल १६ लेनच्या तिसऱ्या पिढीवरून १३ मिलिसेकंदांत आला असता. सरासरी फ्रेमरेट ठीक दिसतो आणि तरी खेळताना झटके बसतात, ते यामुळे. असे जड फ्रेम अधूनमधूनच येतात.

उलट टोकाचं उदाहरण इथरियमच्या मायनिंगचं. २०२२च्या सप्टेंबरमध्ये ते बंद होईपर्यंत लोक एकेका लेनच्या रायझरवर, म्हणजे स्लॉट लांब नेणाऱ्या जोडणीवर, कार्डं टांगून कमावत होते. कामाचा मोठा तक्ता एकदा कार्डात भरला की पुढे रस्त्यावरून जवळपास काही जातच नसे. गेमही कार्डाच्या मेमरीत मावत असेल, तर १६ लेनच्या तगड्या कार्डाला एक पिढी जुना स्लॉट दिल्यावर बहुधा दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो. तेवढ्यासाठी मदरबोर्ड बदलणं मला तरी पैसे उधळणं वाटतं.

आपल्याकडे नेमकं काय चाललंय, हे पाहायला GPU-Z या प्रोग्रॅममधली `Bus Interface` ही ओळ वाचावी. `@` च्या उजवीकडे सध्याची जोडणी दिसते. मात्र काँप्युटर निवांत असताना तिथे `1.1` दिसलं तर घाबरू नका. वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला काम द्यायचं आणि मग आकडा पाहायचा. तरीही लेन कमीच दिसल्या तर स्लॉट चुकलाय, कार्ड नीट बसलेलं नाही किंवा कनेक्टरवर धूळ आहे. आमच्या उन्हाळ्यात ही तिसरी शक्यता आधी तपासावी.

दुसरी खूण टास्क मॅनेजरमध्ये असते. गेम चालू असताना `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेली आणि `Shared GPU memory` वाढत चाललेली दिसली, की माल गोदामातून येऊ लागलाय असं समजावं. भाच्याच्या स्क्रीनवर अगदी तेच दिसत होतं. टेक्श्चर `High` वरून `Medium` वर आणले, तशी पहिली मेमरी साडेतीन जीबीच्या आसपास स्थिरावली आणि कोपऱ्यावरचं अडखळणं थांबलं. मग त्यानंच हट्टानं कार्ड पुन्हा खालच्या स्लॉटात लावून पाहिलं. गेम सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागला आणि फ्रेमही काही घटल्या, पण ते झटके मात्र परतले नाहीत.