पार्श्वभूमी : ऑफिसच्या मेसेजमधला हसरा चेहरा आणि बाईला लागणारा वेगळा न्याय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या नव्या बायरला डिस्पॅच सांभाळणारी मुलगी मेसेज टाकते : "सर, लॉटचा शेड सॅम्पलशी जुळत नाही. डाइंगला परत पाठवलाय. उद्या दुपारी पॅकिंगला येईल 🙂". तिने चूक वेळेत पकडली, लॉट थांबवला आणि नवी वेळही कळवली. बायरने तिला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दलचं त्याचं मत या तीन वाक्यांवर आणि शेवटच्या चिन्हावरच ठरणार.

हे चिन्ह आलं ते गैरसमज टाळण्यासाठी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय फलकावर गमतीने लिहिलेलं लोक खरं मानून बसत. म्हणून 19 सप्टेंबर 1982 रोजी तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी गमतीच्या मजकुरापुढे :-) टाकायचं सुचवलं. जपानमध्ये 1999 साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी 176 चित्रं तयार केली. त्यातलं प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा एवढ्याच ठिपक्यांत बसवलेलं होतं. 2010 मध्ये युनिकोड या जगभरच्या लिपींच्या संगणकीय मानकाने इमोजी मोठ्या प्रमाणावर स्वीकारले आणि ते जगभरच्या फोनवर पोचले. पुढे व्हॉट्सअॅप सगळीकडे पसरलं, घरचा ग्रुप आणि कामाचा ग्रुप एकाच स्क्रीनवर आले आणि घरची सवय ऑफिसात शिरली.

माणसं एकमेकांना कशी जोखतात, याचा अभ्यास मात्र त्याहून जुना आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी 1946 मध्ये दाखवलं, की एखाद्याच्या गुणांच्या यादीत फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड' हा शब्द घातला, तरी त्या माणसाबद्दलचं सगळं चित्र पालटतं. 2002 मध्ये सुसान फिस्क आणि सहकाऱ्यांनी आपुलकी आणि कुवत अशी दोन मापं मांडली. या मापांवर गृहिणी आपुलकीत वर आणि कुवतीत खाली दिसल्या, तर नोकरी-व्यवसायातल्या कर्तबगार बायका कुवतीत वर आणि आपुलकीत खाली. माझ्या मते बायकांच्या मेसेजची सगळी अडचण इथेच आहे. एक बाजू सावरायला जावं तर दुसरी सुटते.

हसऱ्या चेहऱ्याने निदान आपुलकी तरी वाढत असेल, असं आपण धरून चालतो. एला ग्लिक्सन, अरिक चेशिन आणि खेर्बेन व्हान क्लेफ यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तसं आढळलं नाही. अनोळखी व्यक्तीच्या कामाच्या ईमेलमध्ये स्मायली असला, तर लिहिणारा अधिक आपुलकीचा वाटला नाही. कमी कुवतीचा मात्र वाटला. लिहिणाऱ्याच्या हसऱ्या फोटोचा परिणाम असा झाला नव्हता. याचा फटका कामालाही बसला, कारण स्मायली असलेल्या औपचारिक मेलला लोकांनी त्रोटक आणि कमी माहितीची उत्तरं दिली. म्हणजे आपल्या बायरने "ओके" एवढंच लिहून पुढचं वेळापत्रक सांगायचं टाळलं, तर त्यामागे तो 🙂 असू शकतो.

याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. लिहिणारा पुरुष की बाई हे सांगितलेलं नसताना, स्मायली पाहून ते बाईने लिहिलं असावं असं लोकांना जास्त वाटलं. मात्र त्या अंदाजामुळे कुवतीचे गुण कमी झाले नाहीत, ते स्मायलीमुळेच झाले. हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा. नियम दोघांना सारखाच होता. पण इमोजी बायका जास्त वापरतात असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, त्यामुळे सारख्या नियमाचा भार त्यांच्यावर जास्त पडतो. आणि तो टाळायला त्यांनी कोरडं लिहिलं, तर "मॅडम फार कडक आहेत" हे ठरलेलंच. तेच कोरडं वाक्य साहेबांनी लिहिलं तर कुणाच्या नजरेतही येत नाही. बाईने मायाळू असावं ही अपेक्षा आधीपासून असते. ती पाळल्याचं श्रेय मिळत नाही, मोडल्याचा दंड मात्र बसतो. अॅलिस ईगली आणि स्टीव्हन कॅराऊ यांनी 2002 मध्ये स्त्री नेतृत्वाविषयी या दंडाबद्दलच मांडलं होतं.

पुरुषांनाही एक कुंपण आहे. 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात बदाम किंवा चुंबनासारखे लाडिक इमोजी बाईच्या मेसेजमध्ये अधिक योग्य वाटले, पुरुषाच्या मेसेजमध्ये कमी. साध्या मैत्रीच्या इमोजींत मात्र दोघांना सारखेच गुण मिळाले.

स्मायलीचा तोटा मुख्यतः पहिल्या ओळखीत आणि औपचारिक कामात होतो. मोकळ्या संदर्भात तो तसा राहत नाही. पॅकिंगच्या रोजच्या ग्रुपवर "काका, पन्नास बॉक्स निघाले 🙂" लिहिल्याने कुणाची कुवत कमी ठरण्याचं कारण नाही, कारण तिथे ती मुलगी काम कसं करते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शेड चुकल्याचं नव्या बायरला कळवताना मात्र ती ओळख मदतीला नसते.