बॉलपार्क काढा, ग्रीन सँड ठेवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत परदेशी पार्ट्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला मी एकदा सांगितलं, "इटलीच्या पार्टीला लिहिताना इंग्रजी वाक्प्रचार काढून टाक, सरळ अर्थ लिही." पोरगं मनापासून कामाला लागलं. त्यानं 'बॉलपार्क फिगर' काढलं, 'टच बेस' काढलं आणि त्याच झपाट्यात 'ग्रीन सँड'चं 'वेट सँड' करून टाकलं. आमची वाळू हिरवी कुठं आहे, काळीकुट्ट तर आहे, म्हणजे हा पण वाक्प्रचारच, असा त्याचा हिशोब. दोन दिवसांत तिकडून विचारणा आली: तुम्ही मोल्डिंगची पद्धत बदलली का? बदलली असेल तर नमुने पुन्हा मंजूर करून घ्यावे लागतील.

चूक माझीच होती. मी 'वाक्प्रचार काढ' एवढंच म्हटलं. वाक्प्रचार आणि धंद्याचा शब्द, दोन्ही शब्दशः वाचले तर वेडेवाकडे दिसतात, हे सांगायचं राहिलं.

ग्रीन सँडमधला 'ग्रीन' रंगाचा नाही. कच्ची, न भाजलेली, या अर्थाचा आहे. सिलिका वाळू, तिला धरून ठेवायला बेंटोनाइट माती, साधारण ३ ते ४ टक्के पाणी आणि ओतीवाचा पृष्ठभाग साफ यावा म्हणून कोळशाची पूड. साचा भाजायचा नाही, तसाच ओलसर असताना त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. एवढी सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत आहे आणि जगातला कुठलाही फाउंड्रीवाला ती ओळखतो. 'वेट सँड' म्हटलं की उरतं फक्त पाणी. माती गेली, कोळसा गेला, न भाजणं गेलं. तिकडच्या माणसाला वाटलं, यांनी काहीतरी वेगळंच सुरू केलंय.

आता 'बॉलपार्क' घ्या. हा शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानाचा. आकडा 'मैदानात' आहे, म्हणजे फार लांब गेलेला नाही, असा त्याचा भाव. आमच्याकडं मैदान म्हटलं की क्रिकेटचं नाही तर फुटबॉलचं. इटलीतल्या खरेदी खात्यातल्या बाईंनाही बेसबॉलचं काही पडलेलं नसणार. पण न कळणं हा त्यातला छोटा त्रास. शब्द कळला तरी आकडा मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, ते त्यातून समजत नाही.

मला सापडलेली खूण अशी: शब्द काढून त्या जागी साधा अर्थ लिहायला घ्या. लिहिताना तुम्हाला जास्तीची माहिती गोळा करावी लागली, कुणाला तरी उठून विचारावं लागलं, तर तो वाक्प्रचार होता, आणि काढलात ते बरं केलंत. उलट साधा अर्थ लिहिल्यावर वाचणाऱ्याला आधीपेक्षा कमी कळायला लागलं, तर तो धंद्याचा शब्द होता. तो होता तसा परत ठेवा.

बॉलपार्कच्या बाबतीत उठून विचारावं लागलं, ते कसं, सांगतो. पंपाच्या हाउसिंगची चौकशी होती. एसजी आयर्न जातीचं बीड, कच्चं वजन १४ किलो. दर काढणारे आमचे अण्णा. त्यांनी ड्रॉइंगवर नजर टाकली आणि म्हणाले, "अंदाजपंचे १३० रुपये किलो लाव की." १४ गुणिले १३०, १८२० रुपये. मी मेलमध्ये 'बॉलपार्क फिगर' म्हणून तोच आकडा युरोत करून टाकला. पार्टीनं तो आपल्या बजेटात घातला. तीन आठवड्यांनी पक्कं कोटेशन गेलं २२८० रुपयांचं, कारण मशिनिंगचे ४६० रुपये नगामागे वेगळे होते. साचा पाडायला लागणाऱ्या पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा एकदाच करायचा खर्च तर कुणी बोललंच नव्हतं. तिकडून उत्तर आलं ते नीट भाषेत होतं, पण त्यातली नाराजी लपत नव्हती. एका महिन्यात २५ टक्के भाव वाढवणारे लोक, अशी आमची ओळख झाली.

पुढच्या चौकशीला मी 'बॉलपार्क'च्या जागी 'अप्रॉक्झिमेट' लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. पण हा शब्द नुसता सोपा आहे. तोही बॉलपार्कइतकाच मुका. अंदाजे म्हणजे दोन टक्के इकडं-तिकडं, की पंचवीस? मग अण्णांकडं गेलो. "अण्णा, हा आकडा किती हलंल?" ते म्हणाले, "काय काय धरायचं ते आधी सांग, मग सांगतो." तिथंच सगळं आलं. आता आमचं वाक्य मेलमध्ये साधारण असं जातं: नगाची किंमत १७५० ते २००० रुपयांच्या दरम्यान येईल, यात ओतीव आणि फेटलिंग, म्हणजे ओतीवाची साफसफाई, धरलं आहे, मशिनिंग, पॅटर्न आणि वाहतूक धरलेली नाही, पक्कं कोटेशन अंतिम ड्रॉइंग मिळाल्यावर दहा दिवसांत देऊ, तोवर हा आकडा ऑर्डरसाठी वापरू नये. वाक्य लांबलं, खरं आहे. पण त्यातला एकही तुकडा 'बॉलपार्क'मध्ये नव्हता.

वाक्प्रचार सगळीकडं चालतात असं आपल्याला का वाटतं, याचं एक कारण इथलंच आहे. सीमाभागात ते खरोखर चालतात. शॉपवर काम बिघडल्यावर कुणी मशीनला दोष दिला की मी म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. शेजारचा कन्नड ऑपरेटर हसतो, कारण त्याच्याकडं 'कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते' आहेच. नाचणारी तीच, वाकडी जमीन तीच. शेजारधर्मानं म्हणी इकडून तिकडं गेल्यात, आणि आपल्याला वाटतं त्या कुठंही जातात. हुक्केरीपर्यंत जातात, मिलानपर्यंत नाही.

'मूव्ह द गोलपोस्ट्स' आमच्याकडं लगेच कळतं. फुटबॉल आहे, खांब आहेत, खेळ सुरू असताना कुणी खांब हलवले तर काय होतं, ते शाळेच्या मैदानावर प्रत्येकानं पाहिलंय. म्हणूनच बॉलपार्क, टच बेस आणि हा, या तिन्हींत मला हाच जास्त धोक्याचा वाटतो. ज्याला कळत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला टोचतो. कारण यात नुसता बदल सांगितलेला नसतो, लबाडीचा आरोपही असतो.

नमुने मंजूर झाल्यावर एका पार्टीकडून ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं. बोअरचा टॉलरन्स, म्हणजे आतल्या भोकाच्या मापात चालणारा फरक, आधीपेक्षा बराच कमी केलेला. माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य गोलपोस्टचंच होतं. लिहिलंही होतं, पाठवलं नाही. सरळ लिहायला बसलो तेव्हा चार गोष्टी शोधाव्या लागल्या: आधी काय ठरलं होतं आणि कुठल्या तारखेच्या मंजुरीत, आता नेमकं काय बदललं, त्यानं आमचं काय वाढतं, आणि त्यांच्याकडून कुठला निर्णय हवा. शॉपवर विचारलं तर नुसत्या बोअरिंगवर हा टॉलरन्स भरवशानं धरता येत नव्हता, मागून होनिंग, म्हणजे भोक आतून बारीक घासून मापात आणणं, करावं लागणार होतं. म्हणजे नगामागे ४५ रुपये आणि पहिल्या लॉटला नऊ दिवस जास्त. मेल गेला तो एवढाच. शेवटी दोन वाटा दिल्या: नवा टॉलरन्स हवा असेल तर नवा दर आणि नवी तारीख मान्य करा, नाही तर पहिला लॉट जुन्या रिव्हिजनवर घ्या. त्यांच्या इंजिनिअरनं दुसरी वाट घेतली आणि कळवलं की हा बदल त्यांच्या गिऱ्हाइकाकडून आला होता. खांब त्यानं हलवलेच नव्हते.

'टच बेस', म्हणजे संपर्क साधू, यावर फार थांबत नाही. तोही बेसबॉलचाच, धावताना बेसला पाय लावायचा असतो तिथला. त्याच्या जागी कोण, कसा, कधी एवढं लिहिलं की झालं: मी बुधवारी तुमच्या सकाळी दहाला फोन करेन. इटलीची वेळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, म्हणून 'तुमच्या' हा शब्द महत्त्वाचा.

शब्दांची ही वाटणी मी शोधलेली नाही. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं सोप्या इंग्रजीचं प्रमाण आहे. त्यात सुमारे ९०० शब्द मंजूर केलेले आहेत, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, आणि सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत. वाक्प्रचारांना त्यात थारा नाही. पण तांत्रिक नावांना दार उघडं ठेवलंय: भागाचं, हत्याराचं, प्रक्रियेचं नाव यादीत नसलं तरी वापरता येतं. आमच्या मेलला हे प्रमाण लागू नाही, तरी आमच्या मुलाला मी आता तेच सांगतो. ड्रॉइंगवर, इन्स्पेक्शन शीटवर किंवा प्रमाणात छापलेला शब्द असेल तर हात लावायचा नाही. 'कोल्ड शट' तसाच जातो. रसाचे दोन प्रवाह साच्यात समोरासमोर आले पण पुरेसे गरम नसल्यानं एकजीव झाले नाहीत, त्यामुळं राहिलेली ती रेघ. शंका असेल तर शेजारी फोटो लावायचा, शब्द बदलायचा नाही.

मधले शब्द आहेतच. 'बॉटलनेक' मुळात बाटलीच्या गळ्याचा, पण आता कुठल्याही शब्दकोशात सापडतो, तो मी ठेवतो. 'रॅम्प-अप' ठेवतो, पण एकटा नाही. पहिल्या महिन्यात २०० नग, तिसऱ्यापासून ६००, असे आकडे त्याच्या मागे आले पाहिजेत.

आणि एक शब्द आपल्याच अंगणातला. 'काइंडली रिव्हर्ट' आपण सर्रास उत्तर द्या या अर्थानं लिहितो. भारताबाहेर बहुतेकांना 'रिव्हर्ट' म्हणजे आधीच्या स्थितीवर परत जाणं एवढंच माहीत. 'रिव्हिजन सीवर रिव्हर्ट करा' असं मी एका मेलमध्ये लिहिलं होतं. मला सीबद्दल उत्तर हवं होतं. तिकडून विचारलं गेलं, नंतरचं रिव्हिजन डी रद्द करून परत सीवर जायचंय का? तेव्हापासून 'रिव्हर्ट' फक्त रिव्हिजन मागं घ्यायचं असेल तेव्हाच लिहितो. उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय', आणि सोबत तारीख.