ताब्याची तारीख उलटल्यावर व्याज आणि परतावा : महाराष्ट्रातील करारनाम्यातील अटी व महारेराकडे अर्जाची पद्धत

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत सदनिका घेताना बिल्डरशी होणारा नोंदणीकृत करारनामा बहुतेक खरेदीदार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच पहिल्यांदा चाळतात, आणि तेही अंगठ्याचा ठसा व फोटो यांच्या गडबडीत. पुढे ताबा लांबला, की याच कागदातील तीन अटी कामाला येतात : ताब्याची तारीख, विलंबाचे व्याज आणि करार रद्द करण्याची तरतूद. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१७ चे नियम यांनी या तिन्हींची चौकट ठरवून दिली आहे. नियमांना करारनाम्याचा नमुनाही जोडलेला आहे. तरीही प्रत्यक्ष कागदात फेरफार केलेले आढळतात, म्हणून नमुना शेजारी ठेवूनच आपला करारनामा वाचावा.

ताब्याची तारीख कशी वाचावी

करारनाम्यात ताब्याचा दिवस, महिना आणि वर्ष स्पष्ट लिहिलेले असावे. 'जोत्याचे काम पूर्ण झाल्यापासून ३० महिन्यांत' किंवा 'सर्व परवानग्या मिळाल्यानंतर' अशी भाषा असेल, तर विलंब कोणत्या दिवसापासून मोजायचा हाच पहिला वाद होऊन बसतो. माझ्या पाहण्यातल्या एका करारनाम्यात तारीख ठळक अक्षरांत होती. दोन पानांनंतर मात्र 'सदर दिनांकापासून सहा महिन्यांची सवलत', त्याखाली 'मजूर, सिमेंट, पोलाद यांच्या टंचाईचा काळ वगळून' आणि शेवटी 'बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कोणत्याही कारणाने' अशी उतरंड रचलेली होती. शासनाच्या नमुन्यात मुदतवाढीची कारणे मोजकी आहेत : युद्ध, नागरी उपद्रव, नैसर्गिक आपत्ती आणि शासन, सक्षम प्राधिकरण किंवा न्यायालय यांचे आदेश वा अधिसूचना. मजुरांची किंवा पैशांची टंचाई त्यात नाही. दैवी आपत्तीची ही अट मूळ नमुन्याप्रमाणेच ठेवावी लागते, तिच्यात बदल चालणार नाही, असा आदेश महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, डिसेंबर २०२२ मध्ये काढलेला आहे.

येथे आणखी एक गल्लत नेहमी होते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जी तारीख दिसते, तिला बिल्डर मुदतवाढ घेऊ शकतो, पण त्यामुळे तुमच्या करारातील तारीख बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हेच सांगितले : रेरात प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरने दिलेली नवी मुदत खरेदीदाराशी झालेला करार नव्याने लिहीत नाही, आणि विलंब करारातील तारखेपासूनच मोजला जातो. त्यामुळे 'आम्हाला रेराने मुदत वाढवून दिली आहे' हे उत्तर व्याजाच्या मागणीला पुरेसे नाही.

ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दिलेला ताबा. अंतर्गत सजावटीसाठी किल्ली देऊन घेतलेल्या 'फिट-आउट' ताब्याच्या पत्रावर सही करताना त्यात 'विलंबाबाबत कोणतीही तक्रार उरली नाही' असे वाक्य आहे का, ते अवश्य पाहावे. असल्यास ते खोडायला सांगावे. बिल्डर ऐकत नसेल, तर व्याजाचा हक्क राखून ताबा घेत असल्याचे त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

थांबायचे की बाहेर पडायचे

कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा मुदतीत मिळाला नाही, तर खरेदीदारासमोर दोन वाटा असतात. प्रकल्पात राहून, प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज घेता येते. किंवा प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. निवड खरेदीदाराची असते. सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचे म्हटले आणि विलंबाचे कारण काय होते यावर तो अवलंबून नसल्याचेही स्पष्ट केले.

व्याजाचा दर महाराष्ट्राच्या नियम १८ मध्ये दिलेला आहे : स्टेट बँकेचा सर्वांत चढा एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जासाठीचा किमान आधारदर, अधिक २ टक्के. हप्ता थकल्यास बिल्डरला तुमच्याकडून याच दराने व्याज घेता येते, त्याहून जास्त नाही. रेरापूर्वीच्या करारांत खरेदीदाराने उशीर केल्यास १८ ते २४ टक्के आणि बिल्डरने केल्यास मात्र चौरस फुटामागे चार-पाच रुपये, अशी सोय असायची. जुन्या वळणाची ती अट आजही कुठे कुठे करारात शिरलेली दिसते. तिचा फरक किती पडतो हे एका उदाहरणावरून कळेल.

समजा, पुण्यातील ६०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या सदनिकेचा ६० लाखांचा करारनामा १५ जानेवारी २०२० रोजी नोंदवला गेला. ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती आणि तोपर्यंत खरेदीदाराने बांधकामाच्या टप्प्यांनुसार ४८ लाख भरले होते. पुढचे ४ लाख ८० हजार तिने १ जुलै २०२३ रोजी दिले. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा ३० जून २०२४ रोजी मिळाला, म्हणजे विलंब १८ महिन्यांचा झाला. गणितापुरता दर ११ टक्के धरू. ४८ लाखांवर महिन्याला ४४ हजार, म्हणजे १८ महिन्यांचे ७ लाख ९२ हजार होतात. नंतरच्या हप्त्यावर तो भरल्यापासूनच व्याज मिळते, म्हणजे महिन्याला ४,४०० प्रमाणे १२ महिन्यांचे ५२,८००. एकूण ८ लाख ४४ हजार ८०० रुपये. हे सरळ व्याज आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरलेली नाही, कारण ते पैसे बिल्डरकडे गेलेले नसतात. करारातील 'चौरस फुटामागे दरमहा ५ रुपये' ही अट लावली असती, तर याच विलंबाचे ५४ हजार हाती आले असते. बिल्डर शेवटच्या डिमांड लेटरमध्ये ही ५४ हजारांची वजावट दाखवून हिशेब मिटवू पाहतो आणि किल्लीच्या घाईत असलेले कुटुंब ती मान्यही करते.

बाहेर पडणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. त्याला ताब्याच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत्येक हप्ता बिल्डरला मिळाल्याच्या दिवसापासून व्याज मिळते. वरील खरेदीदाराने फेब्रुवारी २०२० मध्ये १० लाख भरले असतील, तर तेवढ्यावरच वर्षाला १ लाख १० हजार होतात. म्हणूनच परताव्याची मागणी केल्यावर बिल्डर 'आता दोन महिन्यांत ताबा देतो' म्हणून थांबवू पाहतात.

करार रद्द करताना

विलंब नसताना केवळ मन बदलले म्हणून बाहेर पडायचे असेल, तर कलम १८ उपयोगी पडत नाही. अशा वेळी कोणता कागद झाला आहे हे पाहावे लागते. फक्त नियतवाटपाचे पत्र, म्हणजे अलॉटमेंट लेटर मिळाले असेल, तर महारेराच्या २०२२ च्या नमुन्यानुसार १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास काहीही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत सदनिकेच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के कापता येतात. नोंदणीकृत करारानंतर मात्र करारातील जप्तीची, म्हणजे भरलेल्या पैशांतला काही भाग बिल्डरने ठेवून घेण्याची, अट लागू होते. ती एकतर्फी असेल तर टिकत नाही : फेब्रुवारी २०२५ मध्ये गोदरेज प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० टक्क्यांची जप्ती मान्य न करता १० टक्क्यांवरच ती थांबवली.

बिल्डरलाही मनमानीने करार रद्द करता येत नाही. करारनाम्याच्या नमुन्यानुसार खरेदीदाराने तीन हप्ते चुकवलेले असावे लागतात आणि त्यानंतरही १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस आल्यावर त्या मुदतीत थकबाकी भरली, तर रद्द करण्याचे कारणच उरत नाही.

नोंदणीकृत करार रद्द होतो तो नोंदणीकृत रद्दलेखाने. ताबा घेण्यापूर्वी, करारनाम्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत रद्दलेख नोंदवला, तर त्या नोंदणीपासून सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक शुल्काच्या परताव्याचा अर्ज करता येतो. नोंदणी फी परत मिळत नाही. वरील उदाहरणात ही पाच वर्षे १५ जानेवारी २०२५ च्या सुमारास संपतात. रखडलेल्या प्रकल्पात लोक आशेवर थांबतात आणि ही मुदत निघून जाते, म्हणून ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणखी एक : पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी रद्दलेखावर सही करू नये. निदान डिमांड ड्राफ्टचा क्रमांक त्यात नमूद करून घ्यावा. गृहकर्ज असेल, तर परताव्यातून आधी बँकेचे कर्ज फिटते. त्यामुळे बँकेचे ना-हरकत पत्र रद्दलेखाआधी मागवावे.

अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते

महारेरात नोंदणी असलेल्या प्रकल्पातील कोणताही खरेदीदार तक्रार करू शकतो. पहिल्या खरेदीदाराकडून सदनिका घेतलेल्यालाही हा हक्क आहे. करारात पती-पत्नी दोघांची नावे असतील, तर दोघांच्या नावे अर्ज करावा.

अर्जापूर्वी बिल्डरला ईमेल व स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे. त्यात आपण थांबणार की बाहेर पडणार हे निःसंदिग्ध लिहावे, कारण दोन्ही मागण्या एकदम केल्या की सुनावणीत वेळ जातो. त्यानंतर maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर खाते उघडून प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकासह तक्रार नोंदवावी. व्याज किंवा परतावा यासाठी नमुना 'अ' वापरला जातो आणि त्याची फी ५,००० रुपये आहे. मानसिक त्रास, भाडे अशी व्याजापलीकडची भरपाई हवी असल्यास ती न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, वेगळ्या नमुना 'ब' ने मागावी लागते.

सोबत नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, अलॉटमेंट लेटर, सर्व पावत्या, कर्ज असल्यास बँकेचे वाटप विवरण, डिमांड लेटर, मागणीपत्र आणि त्याची पोच जोडावी. सर्वांत उपयोगी कागद मात्र स्वतः करायचा असतो : तारीख, रक्कम, पावती क्रमांक, व्याज सुरू होण्याचा दिवस आणि एकूण महिने अशा रकान्यांचा एक पानी तक्ता. पावती नसलेली, रोखीने दिलेली रक्कम त्यात टिकत नाही.

आदेश झाल्यावर बिल्डर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, परंतु कलम ४३(५) नुसार त्याला खरेदीदाराला द्यायची रक्कम व्याजासह आधी जमा करावी लागते. अपील न करता आदेशही पाळला नाही, तर महारेराकडे पूर्ततेसाठी अर्ज करून वसुली वॉरंट मागावे लागते. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. या टप्प्यावर बिल्डरच्या नावावरील न विकलेल्या सदनिका आणि जमिनीचे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचे उतारे स्वतः शोधून तहसील कार्यालयाला दिले, तर वॉरंट टेबलावर पडून राहण्याची शक्यता कमी होते.